कोपरामागची सूज दुखू लागली, तर नुसतं पाणी की जंतूंची लागण?

प्रश्न: फोंड्यात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. दिवसभर गल्ल्यावर बसतो, डावं कोपर काउंटरच्या ग्रॅनाइटवर टेकलेलं असतं. दहा-बारा दिवसांपूर्वी कोपराच्या मागे लिंबाएवढी मऊ सूज आली. दुखत नव्हती म्हणून लक्ष दिलं नाही. परवापासून दुखते, थोडी लाल दिसते, हात लावला की गरम लागते. ताप नाही. वय ५४, साखरेच्या गोळ्या चालू आहेत. मेडिकलवाला म्हणतो, पाच दिवस अँटिबायोटिक घ्या. घरचे म्हणतात, आंबेहळद लावून शेका. पाणी काढावं लागेल का?

उत्तर:

हो, पाणी काढून तपासावं लागेल. तेही आज-उद्यात, आणि अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जाण्याआधी. नुसतीच मऊ, न दुखणारी सूज असती तर मी उलट सांगितलं असतं की सुई लावू नका, कोपर टेकणं सोडा आणि महिनाभर वाट बघा. पण शांत असलेली सूज दहाव्या दिवशी अचानक दुखायला लागली, लाल आणि गरम झाली, आणि माणसाला मधुमेह आहे, तर पाण्याची तपासणी ‘नाही’ म्हणेपर्यंत तिथे जंतूंची लागण आहे असंच धरून चालायचं. शेक आणि मालिश आजपासून बंद.

आधी ही सूज नेमकी कुठे आहे ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. कोपर वाकवलं की मागे जे हाडाचं टोक लागतं, त्याच्या आणि कातडीच्या मध्ये एक पातळ, चपटी पिशवी असते. तिला बर्सा म्हणतात. एरवी तिच्यात नावालाच ओलावा असतो, तेलाचा थेंब मध्ये ठेवून एकावर एक ठेवलेले दोन प्लास्टिकचे कागद जसे सरकतात तशी कातडी हाडावरून सरकावी एवढ्यापुरता. कोपर रोज तासन्‌तास कठीण कडेवर दाबलं गेलं की पिशवीचं अस्तर चिडतं आणि पाणी सोडू लागतं. पिशवी फुगते. हे झालं साधं बर्सायटिस. फोंड्यात दुकानदाराला होतं तसंच डिचोली-साखळीकडच्या टिपर चालवणाऱ्यांना होतं, फक्त त्यांचं बहुधा उजवं कोपर असतं, कारण तेच खिडकीच्या पत्र्यावर टेकलेलं असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे ही पिशवी सांध्याच्या बाहेर असते. कोपराच्या सांध्याशी तिचा सहसा आतून संबंध नसतो. त्यामुळे पिशवीत पू झाला तरी सांधा शाबूत असू शकतो, आणि सांध्यात पू झाला असेल तर तो आजार पूर्णपणे वेगळा आणि कितीतरी जास्त गंभीर असतो. हा फरक घरीही बऱ्यापैकी कळतो. त्याकडे पुढे येतो.

जंतू या पिशवीत शिरतात ते बहुतेक वेळा वरच्या कातडीतून. रक्तातून येऊन इथे बसणं क्वचित. कोपराच्या टोकावरची कातडी आधीच जाड, कोरडी आणि भेगाळलेली असते. तिच्याखाली चरबीचा थर जवळजवळ नसतोच. सिमेंटच्या गोणीला घासलं, पत्र्याची कड लागली, किंवा सुजलेल्या जागी खाज सुटून नखाने ओरखडा उठला, एवढं पुरतं. आपल्या कातडीवर एरवी निमूट राहणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू तिथून आत जातो. या पिशवीच्या दहापैकी आठ किंवा त्याहून जास्त लागणी एकट्या त्याच्याच असतात. फुगलेल्या पिशवीतलं साचलेलं पाणी त्याला वाढायला सोयीचं पडतं. म्हणून तुमच्या सांगण्यातला सर्वांत महत्त्वाचा तपशील ‘लाल’ हा नाही. ‘आधी दुखत नव्हती, परवापासून दुखते’ हा आहे. नुसत्या टेकण्याने आलेली सूज सावकाश वाढते आणि तिची वागणूक एका रात्रीत सहसा पालटत नाही. पालटली तर तीनच शक्यता उरतात: मार लागून आत रक्त उतरलं, यूरिक ॲसिडचा झटका आला, किंवा जंतू शिरले.

आता आरशासमोर उभे राहा आणि दोन्ही कोपरं उघडी ठेवून दहा मिनिटं थांबा. त्या आधी बर्फ, शेक, मलम काहीही लावलेलं नको. मग हाताच्या पंजाची मागची बाजू आधी चांगल्या कोपराच्या टोकावर आणि लगेच सुजलेल्या जागेवर ठेवा. साध्या सुजेतही जागा किंचित कोमट लागते, पण दोन्हींतला फरक शोधावा लागतो. जंतूंच्या सुजेत तो शोधावा लागत नाही. मोजून पाहिलेल्या अभ्यासात दोन कोपरांच्या कातडीत सुमारे २.२ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त फरक असेल तेव्हा लागण निघण्याचा संभव खूप वाढलेला दिसला. हाताला एवढा फरक स्पष्ट कळतो. त्यासाठी वेगळं यंत्र आणायची गरज नाही, आणि कपाळावर धरायची थर्मामीटर बंदूक या कामाला भरवशाची नाही.

मग चांगल्या उजेडात कातडी नीट बघा, किंवा घरातल्या कुणाला मोबाइलवर जवळून फोटो काढायला सांगा, कारण स्वतःच्या कोपराचं टोक स्वतःला धड दिसत नाही. शोधायचं ते खपलीचा बारीक ठिपका, भेग, पुटकुळी, खरचटल्याची रेघ. असं काही सापडलं तर पारडं लागणीकडे झुकतं. न सापडलं म्हणून लागण नाही असं मात्र होत नाही, कारण वाट कधीच बुजून गेलेली असू शकते. पत्रा किंवा खिळा लागल्याचं आठवत असेल तर धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही डॉक्टरांना सांगा.

लालीची कड बॉलपेनने आखून घ्या आणि बाजूला वेळ लिहा. साध्या सुजेची लाली असलीच तर पिशवीपुरती, फिकट. जंतूंची लाली पिशवीची हद्द ओलांडून पुढच्या हातावर उतरते आणि तिथली कातडी बोटाने दाबली तर खळगा राहतो. सकाळी आखलेली रेघ संध्याकाळी दोन बोटं मागे पडली असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

तापाचं एक नीट समजून घ्यायला हवं, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. या पिशवीत पू असूनही ताप नसणं अगदी नेहमीचं आहे. ताप असेल तर शंका पक्की होते, नसेल तर ती मिटत नाही. मधुमेहात तर तापापेक्षा ग्लुकोमीटर लवकर बोलतो. जेवण तेच, गोळ्या त्याच, आणि एरवी १३०-१४० येणारी उपाशीपोटीची साखर दोन दिवस २०० च्या वर जात असेल, तर शरीर कशाशी तरी झगडतंय. आज संध्याकाळी आणि उद्या सकाळी साखर तपासून कागदावर लिहून न्या. डॉक्टरांना त्याचा उपयोग ‘कणकण वाटते’ या वाक्यापेक्षा जास्त होतो.

सांध्याची परीक्षा अशी. हात सैल सोडून कोपर हळूहळू सरळ करा. पिशवीचा आजार असेल तर हात जवळजवळ पूर्ण सरळ होतो आणि सरळ करताना फारसं दुखत नाही. दुखतं ते वाकवताना, त्यातही काटकोनाच्या पुढे, कारण तेव्हा सुजेवरची कातडी ताणली जाते. मग कोपर काटकोनात ठेवून, कुलपात किल्ली फिरवावी तसा पंजा वर-खाली फिरवा. पिशवीच्या आजारात हे बिनदुखत जमतं. पण हात सरळ करता येत नसेल, पंजा फिरवतानाही कळ येत असेल आणि तुम्ही कोपर अर्धवट वाकवून पोटाशी धरून बसला असाल, तर ते सांध्यातलं दुखणं आहे. तेव्हा ओपीडीच्या रांगेत थांबायचं नाही, सरळ कॅज्युअल्टीत जायचं.

कॅज्युअल्टीची आणखी कारणं मोजकीच आहेत. थंडी वाजून ताप, लाली तासागणिक पसरणं, दंडाच्या आतल्या बाजूने काखेकडे जाणारी लाल रेघ, कातडीवर पाण्याचे किंवा काळपट फोड, दिसतं त्यापेक्षा दुखणं फार जास्त असणं, गुंगी, सतत उलट्या, किंवा साखर ३०० च्या पुढे. यातलं एक जरी असलं तरी १०८ ला फोन करा किंवा थेट बांबोळीला गोमेकॉत जा. डायलिसिसवरचे, केमो घेणारे आणि रोज स्टेरॉइडची गोळी घेणारे यांनी यातलं काही नसतानाही त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तुमच्याकडे यातलं काही नाही असं धरलं, तर फोंड्याच्या उपजिल्हा रुग्णालयातली हाडांची ओपीडी किंवा जवळचा हाडांचा डॉक्टर, दोन्ही चालेल. फक्त जाण्याआधी फोन करून एक विचारा: ‘काढलेलं पाणी कल्चरला पाठवायची सोय आहे का?’ कल्चर म्हणजे त्या पाण्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून ते कोणते हे ओळखणं. ही सोय नसेल तर दुसरीकडे जा. कल्चर न करता सुई घालणं म्हणजे अर्धं काम, आणि त्यात धोका पूर्ण.

सुई कशी घालतात हे माहीत असलं तर समोर चुकीचं होताना ओळखता येतं. कोपर थोडं वाकवून उशीवर ठेवतात. कातडी अँटिसेप्टिकने पुसून ते वाळू देतात. ओल्यावरच सुई घातली तर पुसण्याचा अर्थ राहत नाही. सुई बाहेरच्या बाजूने, म्हणजे अंगठ्याच्या अंगाने, चांगल्या कातडीतून तिरकी घालतात. थेट टोकावर घालत नाहीत, कारण तिथली कातडी प्रत्येक वाकवण्याला ताणली जाते आणि पडलेलं भोक बुजत नाही, तिथून दिवसेंदिवस पाणी झिरपत राहतं. आतल्या बाजूने, करंगळीच्या अंगाने घालत नाहीत, कारण तिथून कोपर आपटल्यावर मुंग्या आणणारी नस जाते. पाणी घट्ट असू शकतं, म्हणून सुई जाडसर लागते, १८ किंवा २० नंबरची. सूज असेल तेवढी रिकामी करतात. लिंबाएवढ्या सुजेतून साधारण ५ ते १० मिली निघतं. नंतर कापसाचा बोळा आणि क्रेप बँडेज.

ते पाणी कशात जातं याकडे लक्ष द्या. कल्चरसाठी निर्जंतुक कोरडी डबी किंवा थेट ब्लड कल्चरची बाटली. पेशी मोजायला जांभळ्या बुचाची नळी. थोडं पाणी साखर मोजायला, आणि थोडं यूरिक ॲसिडचे स्फटिक बघायला साध्या नळीत. गाठीचा तुकडा पाठवतात तसं फॉर्मलिनमध्ये टाकलं तर जंतू मरतात आणि कल्चर कोरडं येतं. अशी चूक होते, म्हणून सांगितलं. त्याच वेळी बोटावरची साखर मोजून घ्यायला सांगा. पाण्यातल्या साखरेचा अर्थ तिच्याशी ताडूनच लागतो.

आता रिपोर्ट हातात आल्यावर. समजा तुमचं पाणी ६ मिली निघालं, पिवळसर पण गढूळ. पांढऱ्या पेशी ८,४००, त्यातल्या ८८ टक्के न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी. पाण्यातली साखर ६२, बोटावरची १९०. ग्रॅम स्टेनमध्ये ‘जंतू दिसले नाहीत’. शेवटची ओळ वाचून घरी सगळे सुटकेचा श्वास सोडतात, आणि तिथेच चुकतं. ग्रॅम स्टेन म्हणजे थेंबभर पाणी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. लागण असूनही साधारण तिघांपैकी एकात ते रिकामं येतं. बाकी आकडे मात्र एकाच दिशेने बोट दाखवतात. या पिशवीतलं पाणी २,०००-३,००० पेशींच्या वर आणि बहुतेक न्यूट्रोफिल असं असेल तर लागण गृहीत धरतात, आणि पाण्यातली साखर रक्ताच्या निम्म्याहून कमी असणं त्याला दुजोरा देतं. म्हणजे औषध आजच सुरू, कल्चरची वाट बघत बसायचं नाही. इथे आणखी एक गल्लत होते. सांध्यात पू असेल तर पेशी ५०,००० च्या आसपास किंवा वर जातात, आणि तोच आकडा डोक्यात ठेवून कुणी ‘८,००० म्हणजे काही नाही’ म्हणतं. सांध्याचं माप पिशवीला लावायचं नसतं.

उलट समजा पाणी लालसर पण पारदर्शक निघालं, पेशी ६००, न्यूट्रोफिल थोडे, साखर रक्ताच्या जवळपास. मग हे टेकण्याने किंवा माराने झालेलं साधं बर्सायटिस आहे, लाली-गरमी असली तरी. अँटिबायोटिक नको. कल्चरचा अंतिम रिपोर्ट दोन-तीन दिवसांत येईल तोपर्यंत रोज पेनची रेघ बघायची, एवढंच. मधला आकडा आला, समजा १,८००, तर मधुमेह असलेल्या माणसात मी औषध सुरू करण्याच्या बाजूचा आहे. कल्चर रिकामं आलं तर तेव्हा थांबवता येतं. तिशीतला धडधाकट माणूस असता तर ४८ तास थांबलो असतो. सौम्य लागणीत सुई न घालताच औषध द्यावं असं मानणारे डॉक्टरही आहेत, आणि त्यांचं म्हणणं अगदी अनाठायी नाही, कारण सुईनेही कधी न बुजणारं भोक पडतं. तुमच्या बाबतीत मधुमेहामुळे मी सुईच्या बाजूने आहे. औषधाला दाद न देणारा जंतू निघाला तर तो कोणता हे पहिल्या दिवशीच कळलेलं बरं.

मेडिकलवाल्याच्या पाच दिवसांना माझा नकार त्याचसाठी. दोन-तीन गोळ्या पोटात गेल्या की बऱ्याचदा कल्चर उगवत नाही, पण पिशवीतले सगळे जंतू मेलेले नसतात. पिशवीला रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे औषध आत पोचायला वेळ लागतो आणि पाच दिवस अपुरे पडतात. सूज थोडी उतरते, आठवड्याने पुन्हा चढते, आणि आता जंतू ओळखायचं साधनही गेलेलं असतं. शिवाय काउंटरवर सहज मिळणारी सेफिक्सीम स्टॅफिलोकोकसवर कमकुवत आहे, आणि अझिथ्रोमायसिन या कामासाठी पहिली निवड नाही. डॉक्टर साधारणपणे सेफॅलेक्सिन किंवा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिकपासून सुरुवात करतात. नेहमीच्या औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकोकस, म्हणजे एमआरएसए, असण्याची शक्यता वाटली तर वेगळं निवडतात. मात्रा तुमच्या किडनीचं क्रिएटिनिन बघून ठरते. पेनिसिलिनची ॲलर्जी कधी आली असेल तर ते आधी सांगायचं.

लागण पक्की झाली तर औषध साधारण १० ते १४ दिवस, मधुमेहात कधी त्याहून लांबतं. तितकंच महत्त्वाचं म्हणजे पिशवी रिकामी ठेवणं. पुन्हा भरली तर एक-दोन दिवसांआड पुन्हा सुई, पाणी निघायचं थांबेपर्यंत. हात उशीवर उंच, कोपर काटकोनापेक्षा कमी वाकवलेलं. ४८ तासांनी दाखवायला जायचंच. तोवर लाली पेनच्या रेघेच्या आत आली पाहिजे आणि रात्रीचा ठणका कमी झाला पाहिजे. सूज मात्र तेवढ्यात जाणार नाही, तिचा निकष लावू नका. ४८ तासांत काहीच हललं नाही तर भरती होऊन शिरेतून औषध, एक्स-रे, सोनोग्राफी आणि कल्चर पुन्हा वाचणं हा क्रम. साखर या काळात गोळ्यांवर आवरत नसेल तर काही दिवस इन्शुलिन लागतं. ते कायमचं चिकटत नाही.

गळू समजून कुणी तिथे चीर देऊ पाहील, तर देऊ नका. गळू फोडलं की भरून येतं, कारण खाली मांस असतं. इथे खाली थेट हाड आहे, वर पातळ कातडी आणि दिवसभर वाकणारा सांधा. टोकावर दिलेली छोटी चीर महिनोन्‌महिने वाहते, आणि वाहती जखम म्हणजे जंतूंना हाडापर्यंत उघडी वाट. पू घट्ट असून सुईने निघत नसेल किंवा पिशवी पुन्हा पुन्हा भरत असेल तेव्हा शस्त्रक्रिया करतात. ती ऑपरेशन थिएटरमध्ये, चीर टोकाच्या बाजूला घेऊन, गरज पडल्यास पिशवीच काढून टाकून. त्यानंतर जखम भरेपर्यंत कोपर पट्टीत ठेवावं लागतं.

पाणी साधं निघालं तर उपचार कंटाळवाणा आहे, पण जमतो. ग्रॅनाइटवर रबरी चटई टाकणं पुरत नाही, कारण दाब तोच राहतो, फक्त थोडा मऊ होतो. खुर्चीची उंची अशी करा की कोपर काउंटरपर्यंत पोचणारच नाही, किंवा हिशेबाची वही मांडीवर घ्या. टेकण्याच्या छुप्या वेळाही शोधाव्या लागतात. अंथरुणावरून कोपरावर जोर देऊन उठणं, पालथं पडून मोबाइल बघणं, गाडीच्या दारावर हात टाकणं. दिवसा १० सेंटिमीटर रुंदीचं क्रेप बँडेज मनगटाच्या चार बोटं वरून दंडाच्या मध्यापर्यंत, बेताच्या ताणाने. करंगळीला मुंग्या आल्या तर ते घट्ट झालं, सोडून पुन्हा बांधा. रात्री काढून ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात जाड फोमची कोपरटोपी दिवसभर घातली तर आत घाम मुरून कातडी पांढरी पडते, सोलते, आणि लागणीला आयती वाट मिळते. म्हणून दर तीन-चार तासांनी काढून कोरडं करायचं. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं, दिवसातून तीनदा, पहिला आठवडा. दुखण्यावर पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मधुमेह आणि रक्तदाब असलेल्याने किडनी तपासल्याशिवाय आठवडाभर घेऊ नये. आंबेहळद निदान होईपर्यंत नको, कारण पिवळ्या रंगाखाली लाली वाढली की घटली हे कुणालाच दिसत नाही, आणि भेगाळलेल्या कातडीला लेपाने आग होते ती वेगळीच. सूज उतरायला महिना-दीड महिना धरा, काहींना तीन महिने लागतात. नंतर बोटाखाली तांदळाच्या दाण्यांसारखे बारीक, सरकते कण लागले तर घाबरू नका, ते जाड झालेलं अस्तर असतं.

‘एक इंजेक्शन मारून बसवून टाकू’ असं कुणी म्हटलं तर ते स्टेरॉइड असतं. सूज त्याने लवकर उतरते हे खरं आहे. पण टोकावरची कातडी पातळ होते, जागा पुढे कितीतरी दिवस दुखत राहू शकते, नसलेली लागण होऊ शकते, असलेली भडकते, आणि मधुमेह्याची साखर काही दिवस वर जाते. कल्चर रिकामं आल्याशिवाय तर त्याचा विचारही नको.

यूरिक ॲसिडबद्दल. पायाच्या अंगठ्याचा सांधा रात्रीतून सुजून चादरही सहन होत नाही असं कधी झालं असेल, संध्याकाळचं पिणं नेमाने असेल, रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल, तर कोपरामागची लाल, गरम, दुखरी सूज गाऊटचीही असू शकते, आणि बघून ती जंतूंच्या सुजेपासून वेगळी काढता येत नाही. पाण्यात स्फटिक दिसले की निदान होतं. रक्तातलं यूरिक ॲसिड झटक्याच्या दिवसांत नॉर्मलही येतं, म्हणून त्यावर विसंबू नका. कधी कधी सुईतून खडूच्या पेस्टसारखं पांढरं निघतं आणि पू म्हणून अँटिबायोटिक सुरू होतं. ते यूरिक ॲसिडच असतं. पण स्फटिक सापडले म्हणून कल्चर सोडायचं नाही, दोन्ही एकाच पिशवीत एकत्र सापडतात.

शेवटची शक्यता तुमच्या सुजेला लागू होत नाही, कारण ती दोन दिवसांत भडकलीय. पण घरातल्या किंवा शेजारच्या कुणाला आठवडे-महिने टिकलेली, फारशी गरम नसलेली, अँटिबायोटिकने न हलणारी सूज असेल, तर क्षयाचा जंतू किंवा त्याचा पाण्यात राहणारा भाऊबंद मायकोबॅक्टेरियम मरिनम आठवायला हवा. मासळी साफ करताना काटा टोचला, शिनाण्यांच्या किंवा तिसऱ्यांच्या शिंपल्याने कापलं, कोळंबीच्या तळ्यात काम केलं, असं काही महिन्यांपूर्वीही झालेलं असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगायचं. हा जंतू ३० ते ३२ अंशांवर वाढतो आणि त्याला आठवडे लागतात. नेहमीचं कल्चर ३७ अंशांवर ठेवून तीन दिवसांत ‘काही उगवलं नाही’ म्हणून बंद केलं जातं. म्हणून लॅबच्या चिठ्ठीवर मासळीचा काटा लागल्याचं, आणि कमी तापमानावर जास्त दिवस ठेवायचं, असं डॉक्टरांनी स्पष्ट लिहून द्यावं लागतं.